मी चहा घेतला आणि त्यानं कॉफी: गाळलेल्या क्रियापदाच्या प्रकल्प नोंदी

४ जुलै

आजपासून नोंदी ठेवतेय. काम असं आहे की घरातल्या आणि ऑफिसातल्या मराठी गप्पांची जी रेकॉर्डिंगं परळ, दादर, ठाणे इथून सगळ्यांची परवानगी घेऊन केली होती ती आता उतरवून झालीयत, त्यात जिथे जिथे क्रियापद बोललंच गेलेलं नाहीये ती वाक्यं शोधायची, तिथे काय अध्याहृत आहे ते लिहायचं, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याला ते कशावरून कळलं हे लिहायचं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. शाळेत 'अध्याहृत क्रियापद' म्हणून कंसात आहे, होता वगैरे लिहून मोकळे व्हायचो, पण तेच का आणि दुसरं का नाही हे कोणी विचारायचं नाही, आणि या प्रकल्पात नेमकं तेच विचारायचंय.

टीममध्ये सगळ्यांना एक पाया हवा म्हणून इंग्रजीतले दोन प्रकार आधी समजावले. पहिला, शी कॅन स्विम अँड ही कॅन टू. इथे 'स्विम' गेलं पण 'कॅन' जागेवर आहे, याला व्हर्ब फ्रेज एलिप्सिस म्हणतात. दुसरा, शी ड्रँक टी अँड ही कॉफी. इथे मधलं क्रियापदच गेलं, त्याच्या दोन्ही बाजूचे तुकडे उरले, आणि ते दोन्ही आधीच्या वाक्यातल्या तुकड्यांशी जोडीजोडीनं तोलले जातात (शी-ही, टी-कॉफी), हे गॅपिंग. हे नाव जॉन रॉबर्ट रॉसच्या १९७० च्या लेखामुळे रुळलं. दोघांत फरक काय, तर पहिला प्रकार 'बिकॉज'च्या मागे लपलेल्या वाक्यातही चालतो, शी कॅन स्विम बिकॉज ही कॅन, दुसरा तिथे अडतो, शी ड्रँक टी बिकॉज ही कॉफी असं कोणी बोलत नाही. मराठीतही तसंच, 'तिनं चहा घेतला कारण त्यानं कॉफी' हे वाक्य ऐकल्यावर माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो.

१० जुलै

आज फक्त शकणे.

इंग्रजी 'कॅन टू' मराठीत जसंच्या तसं उभं राहतच नाही. 'ती पोहू शकते आणि तो पण' हे ठीक. 'ती पोहू शकते आणि तो पण शकतो' हे कोणालाच चाललं नाही, टीममध्ये नाही आणि रेकॉर्डिंगमध्येही असं एक वाक्य सापडलं नाही. शकणेला मागे कुठलंतरी ऊकारान्त रूप लागतंच, करू, पोहू, येऊ, त्याशिवाय ते एकटं राहत नाही. म्हणजे पोहू घालवायचं असेल तर शकतोही घालवावं लागतं, अर्धं ठेवून अर्धं गाळता येत नाही.

आता हेच 'तिला पोहता येतं' असं म्हणून बघा. 'तिला पोहता येतं, त्याला पण येतं.' एकदम व्यवस्थित. 'त्याला पण' एवढंच म्हटलं तरी व्यवस्थित. 'मला नाही येत' पण व्यवस्थित. लागणेचंही तसंच, 'तिला थांबावं लागलं, मला नाही लागलं.' अर्थ जवळपास तोच असून एका क्रियापदाला एकटं राहता येतं आणि दुसऱ्याला नाही, त्यामुळे मराठीत व्हर्ब फ्रेज एलिप्सिस आहे का नाही असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, प्रत्येक सहायक क्रियापदाला वेगळं विचारावं लागतं.

इंग्रजीच्या त्या उरलेल्या 'कॅन'चा उपयोग काय होतो हे मात्र नीट बघितलं पाहिजे कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शी स्वॅम टुडे अँड ही विल टुमॉरो. आधी स्वॅम आहे, भूतकाळ, आणि गाळलंय ते स्विम, आणि तरी कोणी अडखळत नाही, कारण काळ 'विल'वर स्वच्छ दिसतोय. वेगळं जे आहे ते उरलेल्या तुकड्यानं स्वतः सांगितलं, त्यामुळे ऐकणाऱ्याला फक्त 'पोहणे' एवढंच मागून आणायचं राहिलं. 'तो पण' किंवा 'त्यानं कॉफी' यात असा सांगणारा तुकडा नाहीये. मग मराठीत तो काळ कुठून येतो?

१६ जुलै

हे वाक्य दादरच्या ऑफिसातल्या डब्याच्या वेळेतलं आहे, आणि मला वाटतं सगळ्या संग्रहात इतकं साधं आणि इतकं शिकवणारं दुसरं नाही:

मी चहा घेतला आणि त्यानं कॉफी.

काय गाळलंय? पटकन सगळे म्हणतात 'घेतला'. पण म्हणून बघा, 'त्यानं कॉफी घेतला' असं होत नाही, कॉफी स्त्रीलिंगी, तिथे 'घेतली'च पाहिजे. म्हणजे जे गाळलंय ते आधी बोललेलं रूप नाहीच. आधीचा शब्द हुबेहूब परत यायला हवा असा नियम असता तर हे वाक्य बिघडायला हवं होतं, आणि ते बोलताना कोणाला काही जाणवतही नाही. 'आई मंडईत गेली आणि बाबा बँकेत', इथे गेली आणि गेले. 'मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिनं भात', इथे खाल्ल्या आणि खाल्ला. लिंग, वचन, आदरार्थी बहुवचन, सगळं बदलतंय आणि वाक्यं मजेत चालतायत.

कारण हिशोब सोपा आहे. घेतली मधली ती ई कॉफीमुळे येते, आणि कॉफी तर समोरच आहे, गाळलेली नाहीये. उरलेल्या नामावरून जे काढता येतं ते मागून आणावं लागत नाही, म्हणून ते वेगळं असलं तरी चालतं.

आता दुसरी बाजू, 'त्यानं'. इथे 'तो कॉफी' म्हणून बघा: मी चहा घेतला आणि तो कॉफी. बिघडलं. का, तर सकर्मक क्रियापद, भूतकाळ, की तृतीय पुरुषी कर्त्याला नं लागतो, आणि क्रियापद ऐकू येत नसलं तरी तो लागतोच. म्हणजे गाळलेलं क्रियापद गेलं कुठे नाहीये, त्यानं आपल्या कर्त्याची विभक्ती ठरवून ठेवलीय. मला हा या सगळ्या कामातला सगळ्यात ठोस पुरावा वाटतो. कोणी म्हणेल की इथे रचना वगैरे काही नाही, माणूस संदर्भावरून अर्थ लावतो, तर मग त्याला 'तो' चाललं असतं, अर्थ तर तरीही कळतोच की. कळतो, पण वाक्य चुकीचं लागतं, आणि ते चुकीचं लागणं क्रियापदाशिवाय समजावताच येत नाही.

एक काळजी घ्यायची. चाचणी 'मी' किंवा 'तू'वर करू नका, ती दोन्ही रूपं नं घेत नाहीत, 'मी घेतो' आणि 'मी घेतला' दोन्हीकडे मी तोच. उदाहरण तपासायचं असेल तेव्हा कर्ता बदलून तो किंवा ती करायचा आणि मग बघायचं.

१७ जुलै

उलट दिशेचं एक सापडलं, 'मी चहा आणि त्यानं कॉफी घेतली'. क्रियापद शेवटच्या वाक्यात आहे, पहिल्यातलं गेलंय. रॉसच्या त्या लेखातला मुद्दा हाच होता, गाळणं पुढे होतं की मागे हे भाषेच्या शब्दक्रमाशी बांधलेलं असतं, आणि क्रियापद शेवटी असणाऱ्या जपानीसारख्या भाषेत पहिल्या वाक्यातलं जातं. मराठीत दोन्ही चालतं. या उलट्या प्रकारात रूप जवळच्या नामाप्रमाणे येतं, घेतली, पण वर्तमानात 'ती चहा आणि तो कॉफी पितात' असंही लोक म्हणतात, दोघांचं मिळून बहुवचन. हा वेगळाच विषय आहे, तूर्त बाजूला ठेवलाय, फक्त वेगळी खूण करून ठेवा.

२१ जुलै

खुणा कशा करायच्या ते ठरलं. युनिव्हर्सल डिपेन्डन्सीजची, म्हणजे वाक्यातला कुठला शब्द कुठल्या शब्दाला कुठल्या नात्यानं टांगलेला आहे याचं झाड करायची पद्धत घेतोय. त्यात साध्या झाडात अदृश्य शब्द ठेवता येत नाही, म्हणून उरलेल्या तुकड्यांपैकी एकाला बढती देतात, कर्ता असेल तर कर्त्याला, तो क्रियापदाच्या जागी बसतो, आणि बाकीचा तुकडा त्याला `orphan` म्हणून टांगतात. वाढीव झाडात मात्र रिकामी जागा खरोखर घालता येते, तिला दशांशाचा क्रमांक देतात. आपलं वाक्य असं दिसतं (दहापैकी पाचच रकाने दाखवलेत, क्रमांक, शब्द, साधं मूळ, साधं नातं, वाढीव नातं):

```
1    मी      3  nsubj   3:nsubj
2    चहा     3  obj     3:obj
3    घेतला   0  root    0:root
4    आणि     5  cc      6.1:cc
5    त्यानं    3  conj    6.1:nsubj
6    कॉफी    5  orphan  6.1:obj
6.1  घेतली   _  _       3:conj
```

साध्या रकान्यात 'कॉफी' ही 'त्यानं'ची अनाथ, म्हणजे दोघांचं नातं काय हे तिथे कळतच नाही. वाढीव रकान्यात 6.1 आल्याबरोबर सगळं जागेवर बसतं, त्यानं कर्ता, कॉफी कर्म. एकच नियम आपण आपल्याकडून जोडलाय, की 6.1 मध्ये आधीच्या शब्दाची नक्कल न चिकटवता उरलेल्या नामाला जुळणारं रूप लिहायचं. घेतला नाही, घेतली.

२८ जुलै

आज काळ. ज्या ताई ठाण्याच्या फाइली बघतात त्यांनी प्रश्न काढला, लिंग-वचन बदलू शकतं तर काळ का नाही बदलत? बदलत नाही हे नक्की का? मग लोकलची वाक्यं घेऊन बसलो कारण उतरणे अकर्मक आहे, तिथे नं येत नाही, त्यामुळे विभक्तीची भानगड मध्ये येत नाही आणि काळ एकटा तपासता येतो.

ती काल अंधेरीला उतरली आणि तो आज बोरिवलीला. हे चाललं, तो आज उतरला, होऊन गेलंय.

ती काल अंधेरीला उतरली आणि तो उद्या बोरिवलीला. हे नाही चाललं. 'उद्या' हा शब्द स्वतः ओरडून सांगतोय की भविष्य आहे, अर्थ लावायला काहीच अडचण नाही, उतरेल घालायचं की झालं, आणि तरीही वाक्य लंगडतं. दुसरा भाग सुधारायचा तर 'तो उद्या बोरिवलीला उतरेल' असं पूर्ण म्हणावं लागतं.

इथे १० तारखेच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. इंग्रजीत 'विल' उरतं म्हणून काळ बदलायला मोकळीक आहे. मराठी गॅपिंगमध्ये काळ दाखवणारा प्रत्यय क्रियापदाबरोबरच गेला, उरलेल्या नामांवरून तो काढता येत नाही, 'उद्या'सारख्या क्रियाविशेषणावरून अंदाज बांधता येतो पण तेवढं पुरत नाही, म्हणून तो आधीच्या वाक्यातून जसाच्या तसा यावा लागतो. (इंग्रजी गॅपिंगमध्येही हेच होतं बरं का, शी लेफ्ट यस्टरडे अँड ही टुमॉरो चालत नाही. दोन भाषांपेक्षा दोन रचनांमधला हा फरक आहे.)

ताईंचं पुढचं म्हणणं असं की विभक्ती काळाचा सुगावा देते ना, 'त्यानं' म्हटलं की भूतकाळ. देते, पण जुळली तरच. 'ती रोज चहा घेते आणि काल त्यानं कॉफी' यात नं स्पष्ट सांगतोय की घेतली, सुगावा आहे, काल पण आहे, आणि तरी कोणालाच ते नीट वाटलं नाही. म्हणजे विभक्ती फक्त साक्षीदार आहे, ती आधीच्या काळाला दुजोरा देते, नवीन काळ आणू शकत नाही.

५ ऑगस्ट

पाऊस इतका की दोघंच पोचलो. बरं झालं, शांतपणे एक नाठाळ गट बघता आला.

'आज तू पैसे दे, उद्या मी.' हे मराठीत दिवसरात्र ऐकू येतं. दे आज्ञार्थ, गाळलेलं देईन, मग वरचा नियम? माझं मत असं की आज्ञार्थ आणि हे भविष्य दोन्ही अजून न घडलेल्याबद्दल आहेत त्यामुळे तितका तुटत नाही. पण 'काल तिनं पैसे दिले, आज तो' हे पण फाइलीत आहे, ठाण्याच्या एका हॉटेलातल्या टेबलावरचं, आणि ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना सगळ्यांना कळलेलं आहे, पुढचं वाक्य 'हो चालेल, काढ पाकीट' असं आहे.

इथे 'तो' आहे, 'त्यानं' नाही. म्हणजे दिले गाळलेलं नाही. आज त्याची पाळी, एवढंच. हे गॅपिंग नाहीच असं दाखवायला एक तुकडा वाढवून बघायचा. 'काल तिनं जेवणाचे पैसे दिले, आज त्यानं टॅक्सीचे', हे छान, त्यानं दिले, भूतकाळ. 'काल तिनं जेवणाचे पैसे दिले, आज तो टॅक्सीचे', हे पडलं. पाळीचं बोलणं कोण आणि केव्हा एवढ्यावर चालतं, त्यात कर्म घातलं की खरं क्रियापद लागतं आणि मग विभक्ती आणि काळ दोन्ही जुळावे लागतात. तेव्हा अशी वाक्यं 'पाळी' म्हणून वेगळ्या गटात.

याच्या शेजारी हॉटेलातल्या ऑर्डरी आणि तिकीट खिडकीचं बोलणं. 'मला मिसळ, हिला पियुष.' 'दोन दादर रिटर्न.' कोणी आधी काहीच बोललेलं नाही, पहिलंच वाक्य हे, मग मागून आणायचं काय? हॅन्कामर आणि सॅग यांनी १९७६ मध्ये हा भेद फार स्पष्ट मांडला होता, त्यांचं उदाहरण असं की एक माणूस मोठा चेंडू छोट्या कड्यातून ढकलायचा प्रयत्न करतोय, कोणी काही बोललेलं नाही, तेव्हा बघणारा 'इट्स नॉट क्लिअर दॅट यूल बी एबल टू डू इट' म्हणू शकतो पण 'इट्स नॉट क्लिअर दॅट यूल बी एबल टू' एवढ्यावर थांबला तर विचित्र लागतं. समोर घडताना दिसणं 'डू इट'ला पुरतं, गाळण्याला नाही, गाळायला आधी कोणीतरी ते शब्दांत बोललेलं असावं लागतं.

मग ऑर्डर कशी चालते? आम्ही साधी चाचणी लावली, वेगवेगळ्या लोकांना रिकामी जागा भरायला सांगायची. 'त्यानं कॉफी' पुढे सगळे घेतली म्हणतात. 'मला मिसळ' पुढे एक म्हणतो द्या, दुसरा हवीय, तिसरी म्हणते सांग, आणि कोणालाच दुसऱ्याचं चुकीचं वाटत नाही. जिथे भरलेली क्रियापदं अशी पांगतात तिथे गाळलेलं असं ठरावीक क्रियापद नाहीच, प्रसंगानं काम केलंय, आणि 6.1 घालायचं नाही.

११ ऑगस्ट

नकाराची छोटी नोंद. 'तो मासे खात नाही आणि ती मटण', सगळ्यांनी अर्थ लावला ती मटण खात नाही. 'नाही' शेवटी क्रियापदाला चिकटून असतं, त्याच्याबरोबर जातं आणि त्याच्याबरोबरच परत येतं. 'तो मासे खात नाही पण ती चिकन', म्हणजे ती खाते, हे नाही जमत, तिथे 'खाते' म्हणावंच लागतं. उलट होकाराकडून नकाराकडे जाताना नुसतं 'नाही' उरलं तरी पुरतं, 'तो मासे खातो, ती नाही'. म्हणजे काळाचाच नियम, वेगळं असेल तर ते उरलेल्या तुकड्यावर दिसलं पाहिजे.

१९ ऑगस्ट

गणपतीच्या तयारीच्या गप्पांतलं, परळच्या चाळीतलं एक वाक्य. यावर टीम दोन तट पडून भांडली आणि मला ते भांडण फार उपयोगी वाटलं:

आईनं भाजी निवडली, मावशीनं चिरली, आणि आजीनं कोथिंबीर.

आजीनं कोथिंबिरीचं काय केलं? निम्मे म्हणाले चिरली, जवळचं क्रियापद तेच. निम्मे म्हणाले निवडली, कोथिंबीर म्हटलं की ती निवडायचीच असते, आजीच्या हातात जुडी देऊन बसवायचं हे कुठल्याही घरात होतं. रूप मदत करत नाही, भाजी आणि कोथिंबीर दोन्ही स्त्रीलिंगी. विभक्ती पण नाही, तिन्हीकडे नं. काळ तिन्हीकडे तोच. म्हणजे आपले आतापर्यंतचे सगळे साक्षीदार इथे गप्प आहेत.

मग रचनेकडे बघितलं. उरलेले तुकडे दोन, कर्ता आणि कर्म, आजीनं आणि कोथिंबीर. गॅपिंगला दोन्हीसाठी तोलाचा जोडीदार लागतो. पहिल्या वाक्यात दोन्ही बोललेले आहेत, आईनं आणि भाजी. मधल्या वाक्यात मावशीनं आहे पण कर्म बोललेलंच नाही, भाजी तिथे स्वतःच अध्याहृत आहे. त्यामुळे तोल बघितला तर पहिलं वाक्य, म्हणजे निवडली, आणि जवळीक बघितली तर मधलं, म्हणजे चिरली. रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा 'कोथिंबीर'वर ठळक जोर होता आणि 'मावशीनं चिरली' हे आधीच्याला जोडून एका दमात होतं, जणू भाजीचा विषय तिथे संपला, त्यामुळे मी स्वतः निवडलीच्या बाजूची आहे. पण लिहिलेल्या वाक्यात तो जोर दिसत नाही.

ठरलं असं की अशा ठिकाणी दोन्ही नोंदवायची, पसंतीची आधी, आणि शेवटच्या रकान्यात संदिग्ध असं लिहायचं. एकच लिहून दुसरं पुसणं म्हणजे आकडेवारी सुबक दिसेल पण खोटी असेल. परत मिळवता येणं म्हणजे एकच उत्तर मिळणं असं नव्हे, ऐकणाऱ्यासमोर ज्या एक-दोन बोललेल्या क्रियापदांतून निवड करायची ती ठरलेली असणं. कोणीही 'धुतली' म्हणालं नाही हे लक्षात घ्या, कोथिंबीर धुतातच की, पण धुणं कोणी बोललं नव्हतं.

२५ ऑगस्ट

'पण'वाली वाक्यं. 'तिनं तिच्या आईला फोन केला, मी पण.' मी कोणाच्या आईला केला? दोन्ही अर्थ निघतात, तिच्याच आईला किंवा माझ्या. आता 'तिनं आपल्या आईला फोन केला, मी पण', इथे लगेच एकच अर्थ, मी माझ्या. 'स्वतःचा' या अर्थाचा आपला आपल्याच वाक्याच्या कर्त्याकडे वळतो आणि गाळलेल्या वाक्यात कर्ता मी आहे, म्हणून तोही माझ्याकडे वळला. म्हणजे मागून आणलं ते नातं, ठरलेली एक आई नव्हे. रिकामी जागा भरताना इथे 'आपल्या' सोडून 'माझ्या' लिहायचं, आणि 'तिच्या' असेल तिथे दोन्ही.

आणि 'ताईनं दादाला बोलावलं आणि मला पण' विरुद्ध 'आणि मी पण', यात मराठी ऐकणाऱ्याला शंका येतच नाही, मला म्हणजे मलाही बोलावलं, मी म्हणजे मीही बोलावलं. इंग्रजीत 'अँड मी टू' म्हटलं की दोन्ही अर्थ उघडे राहतात. परत विभक्तीच.

३० ऑगस्ट

याच्या बरोबर उलटं टोक शेवटी घेतलं, उत्तरं. 'डबा आणलास?' 'आणला.' 'भाजी आणलीस?' 'आणली.' इथे क्रियापद उरलं आणि बाकी सगळं गेलं. आणि आता ज्या लिंग-वचनाला गॅपिंगमध्ये काही किंमत नव्हती तेच कामाला येतं, कारण नाम गेलंय आणि त्याची खूण क्रियापदावर राहिलीय. 'डबा, भाजी, चपात्या सगळं आणलंस का?' याला एक ऑफिसातली मुलगी म्हणते, 'आणल्या, भाजी तेवढी राहिली.' आणल्या. ऐकल्याबरोबर समोरच्यानं विचारलं, 'आणि डबा?' बहुवचनी स्त्रीलिंगी प्रत्ययावरून त्याला कळलं की हे फक्त चपात्यांबद्दल होतं, डब्याचं उत्तर आलेलंच नाही.

मार्गदर्शिकेत आज हा परिच्छेद घातला, तसाच उतरवतेय: 'गाळलेल्या जागी लिहिण्याआधी प्रत्येक गोष्टीसाठी विचारा, ही उरलेल्या शब्दांवरून काढता येते का? येत असेल तर ती आधीच्या वाक्यापेक्षा वेगळी चालेल, उरलेल्या शब्दाला जुळवून लिहा. येत नसेल तर ती आधी बोललेल्या वाक्यात असलीच पाहिजे, आणि तशीच्या तशी. आधी कोणी बोललंच नसेल तर रिकामी जागा घालू नका, प्रसंग असं लिहा.'

राहिलेलं काम: 'की'च्या मागची वाक्यं. 'तिनं चहा घेतला आणि मला वाटतं त्यानं कॉफी' हे बहुतेकांना चालतंय, 'तिनं चहा घेतला आणि आई म्हणाली की त्यानं कॉफी' यावर एकमत नाही. माझ्या मते पहिल्या वाक्यातलं 'मला वाटतं' हे मध्ये टाकलेलं बोलणं आहे, त्याच्या आत खरं पोटवाक्य नाही, म्हणून अडत नसावं, पण ते सिद्ध करायला 'की' घालून आणि काढून जोड्या करून लोकांना विचारावं लागेल. ठाण्याच्या फाइलीत अशी वाक्यं जास्त आहेत, ताई सोमवारपासून ती वेगळी काढतायत.